तिचे फोटो आणि माझी जळजळ

माझ्या नातीला वाटतं, आजी जन्मतःच समजूतदार होती. तिला काय सांगायचं, आजी पन्नाशीत असताना एका आशाताईच्या फोटोंवर जळायची ते!

तेव्हा मी गटप्रवर्तक होते. जिंतूरकडच्या आमच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंचं काम मी बघायचे. त्यातली ही एक लय लाडकी. घरभेटीला गेली की पेशंटसोबत हसरा फोटो काढून दवाखान्याच्या ग्रुपवर टाकायची, आणि डॉक्टरसाहेब लगेच शाबासकीचा अंगठा दाखवायचे. उन्हातान्हात माझी स्कूटी धापा टाकायची, तिला कुणी अंगठा दाखवला नाही. मीटिंगला साहेब म्हणायचे, "असं काम पाहिजे!" मी टाळ्या वाजवायचे, पण हातांचा आवाज होणार नाही अशा बेतानं.

एका दुपारी तिनं घोटाळा केला. गावात ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईला टीबी झाला होता. आशाताई तिला रोज गोळ्या द्यायची. त्या दिवशी गोळ्यांच्या पाकिटासकट तिचा फोटो पडला तो गावातल्या बायकांच्या ग्रुपवर. दोन्ही ग्रुपांची नावं 'आरोग्य'नंच सुरू व्हायची. खाली लिहिलेलं, 'टीबी पेशंट, औषध सुरू'.

मला कळलं तेव्हा, खरं सांगते, पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. मग तिला फोन लावला.

"अगं, तो फोटो काढून टाक आधी! सगळ्यांसाठी डिलीट कर."

"केला ताई. पर बायकांनी बघितला हो. आता काय करू?" ती रडायला लागली. मला तिचं रडणंसुद्धा जरा छानच वाटलं. किती मूर्ख बाई होते मी!

संध्याकाळपर्यंत दोघी-तिघींनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. शिवणवालीनं दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं, "तुमच्या गोळ्या घेऊन जा. मला न्हाई पाहिजेत."

आता जीव घाबरला. औषध मधेच तोडलं की हा रोग हट्टाला पेटतो, मग साध्या गोळ्यांना जुमानत नाही.

मी साहेबांकडं धावले. "कामावरून काढा तिला. आणि ग्रुपवर टाकू का, की फोटो चुकीचा हाय, टीबी-बीबी काही न्हाई?"

"एक तर ते खोटं," साहेब म्हणाले. "आणि ज्यांनी बघितला नाही, त्याही विचारतील कुठला फोटो. तिनं मुद्दाम केलं का? आधी कधी झालंय?"

"न्हाई," मी म्हणाले. हे म्हणताना मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

"मग काढायचं कशाला? एकटीला बोलवू, तिचं ऐकून घेऊ, लेखी ताकीद देऊ. पुन्हा झालं तर तालुक्याला कळवू. अन् मॅडम, फोटो टाका असं आपणच शिकवलं. मी अंगठे दाखवले."

त्यांनी त्याच दिवशी नियम बदलला. पेशंटचा फोटो, नाव, आजार कुठल्याच ग्रुपवर जाणार नाही. घरभेट झाली की फक्त मला फोन करायचा, आणि मी गावात आशाताईकडं जाऊन गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बघून खात्री करायची. म्हणजे बक्षीस गेलं तिचं, आणि फेऱ्या वाढल्या माझ्या.

मग आम्ही दोघी शिवणवालीकडं गेलो. आशाताईनं दारातच हात जोडले. "माझी चूक हाय माय. कारण सांगत न्हाई. तू म्हणशील तसं."

मग कडी वाजली, दार उघडलं. मी पुढं सरसावले. "इथून पुढं गोळ्या मीच आणून देत जाईन. माझ्यावर भरवसा ठेव."

शिवणवालीनं मला वरून खालून बघितलं. "तुमी येणार स्कूटीवर, गळ्यात कार्ड घालून. सगळ्या गल्लीला कळंल ना! ही तरी कापड शिवायला टाकायच्या नावानं येईल." आणि आशाताईकडं वळून, "पर फोन घरी ठेवून यायचा. आन् कापड खरंच आणायचं, नुसती पिशवी न्हाई चालणार."

आशाताईनं मान डोलावली. मी ओशाळून स्कूटीची किल्ली शोधत बसले, ती हातातच होती.

कोर्स संपेपर्यंत आशाताईला नको तितके ब्लाउज झाले. तिचे बघून बाकीच्या बायकाही हळूहळू कापड घेऊन परतल्या. शेवटची तपासणी चांगली आली, तेव्हा आम्ही दोघींनीही तोंडातून चकार शब्द काढला नाही. शिवणवालीनंच बायकांना गोळा करून सांगितलं, "मला टीबी झालता. आता न्हाई." तिची गोष्ट होती, तिनंच सांगितली.

मग तिनं आशाताईला घट्ट मिठी मारली. मला चहा दिला. साखर कमी होती.