डामा गेलेली माणसं

उन्हाळा सरत आला की आमच्या इस्पितळातल्या औषधांच्या कपाटाकडे सगळे पुन्हा पुन्हा बघायचे. सापाच्या लसीच्या बाटल्या त्यात असायच्या, आणि त्या कधीच पुरायच्या नाहीत. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते, केजच्या दुकानांत परदेशी साबण मिळायला लागला होता, पण लस पुण्या-मुंबईहून येईल तेव्हा खरी. पेरण्या सुरू झाल्या की घोणस चावलेली माणसं जीपमध्ये घालून यायची. त्या आधीचे ते दोन-तीन आठवडे मला मुळीच आवडायचे नाहीत. काहीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं, आणि ते खरंच बसलेलं असायचं.

त्या वर्षी आरोग्य खात्यातल्या एका साहेबांनी आमच्या सरांना विचारणा केली. सर म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, सापाच्या विषावर जिल्ह्यात त्यांच्याएवढं काम कुणाचं नव्हतं. प्रश्न असा होता: एका रुग्णाला ठरावीक बाटल्यांच्या वर लस द्यायची नाही, अशी मर्यादा ग्रामीण दवाखान्यांना घालून दिली तर चालेल का? कमी लसीवर माणसं तेवढीच जगत असतील तर उरलेली दुसऱ्यांना मिळेल. जगत नसतील तर काय होईल, ते सांगायची गरज नव्हती. उत्तर पेरण्यांच्या आत हवं होतं.

सर म्हणाले, मत द्यायचं नाही, पद्धतशीर आढावा घ्यायचा. या प्रश्नावर जगात जेवढे अभ्यास झाले तेवढे शोधायचे, ठरलेल्या नियमांनी चाळायचे, त्यांचा दर्जा तपासायचा आणि मगच तोंड उघडायचं. हे काम त्यांनी माझ्यावर आणि माझ्या सहकाऱ्यावर टाकलं. सहकारी धर्मापुरीचा, डोक्याने तल्लख, पण सरांसमोर मान वर न करणारा. मी वडवणीच्या दुकानदाराची मुलगी, तोंडाने फटकळ. जोडी कशी जमली ते सरच जाणोत.

पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एकही लेख वाचू दिला नाही. आधी निकष लिहून काढायला लावले. कोणते रुग्ण? विषारी साप चावल्याची लक्षणं असलेले. तुलना कशाची? कमी लस विरुद्ध जास्त लस. मोजायचं काय? मृत्यू. अभ्यास कोणत्या प्रकारचे? चिठ्ठ्या टाकून किंवा एक दिवस आड अशा नियमाने रुग्ण दोन गटांत वाटलेले. दर्जा तपासायचे प्रश्नही तेव्हाच लिहिले: वाटणी आधी ओळखता येत होती का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, सुरुवातीला घेतलेले सगळे रुग्ण शेवटी मोजले का. सर म्हणाले, "निकाल बघून नियम लिहिला तर तो नियम नसतो, वकिली असते." मला ते वाक्य लई आवडलं. लग्न ठरवताना आमच्याकडे हाच घोळ करतात, मुलगा बघून मग अटी सांगतात.

संगणकावरच्या शोधासाठी आम्ही औरंगाबादला गेलो. तिथल्या एका ग्रंथालयात वैद्यकीय लेखांची सूची सीडीवर होती. आम्ही शोधसूत्र लिहून नेलं होतं: सर्पदंशाचे सगळे शब्द 'किंवा'ने जोडायचे, लसीचे शब्द 'किंवा'ने जोडायचे आणि दोन्ही गट 'आणि'ने बांधायचे. एवढं करून हातात आले मूठभर लेख, आणि त्यांत भारतातला जवळजवळ एकही नाही. सहकारी खूश, काम कमी झालं म्हणून. सरांनी यादी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "लसीसाठी कोणता शब्द घातला?" आम्ही घातला होता 'अँटिव्हेनम', जो परदेशी पुस्तकांत असतो. आपल्याकडचे डॉक्टर लिहितात 'अँटी स्नेक व्हेनम', जुनी मंडळी 'अँटिव्हेनिन', तर कुणी नुसतं 'एएसव्ही'. सर म्हणाले, "ज्या देशात माणसं सापाने मरतात तोच देश तुमच्या सूत्रातून गळला." आम्ही गुपचूप पुन्हा औरंगाबादची एसटी धरली. शिवाय सूचीत नसलेल्या भारतीय मासिकांचे जुने अंक हाताने चाळले. त्या धुळीने मी आठवडाभर शिंकत होते.

मग चाळणी. मथळे आणि सारांश आम्ही दोघांनी वेगवेगळे वाचायचे, एकमेकांचा कागद बघायचा नाही, शंका असेल तर लेख आत ठेवायचा. राहिलेल्यांचे पूर्ण लेख मागवायचे, आणि जो वगळू त्याच्यापुढे कारण लिहायचं. मतं जुळली नाहीत तर सर निवाडा करतील. पोस्टाने झेरॉक्स येत राहिल्या, ढीग कमी कमी होत गेला, आणि शेवटी निकषांत बसणारे अगदी मोजके अभ्यास उरले. त्यांतला सगळ्यात मोठा सरांचा होता, आमच्याच इस्पितळातला, आम्ही दोघं इथे यायच्या आधीचा. त्याचा निष्कर्ष सरळ होता: कमी लस दिलेल्या गटात मृत्यू जास्त नाहीत.

म्हणजे मर्यादा चालेल. सहकारी म्हणाला, "संपलं की मग. बाकी लेखांचा जीव केवढासा." इतर अभ्यास इतके लहान होते की उत्तर सरांच्याच लेखावर टेकणार होतं.

दर्जा तपासताना मी त्या लेखातल्या एका ओळीवर अडकले. ओळ साधी होती: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडून गेलेले रुग्ण विश्लेषणातून वगळले आहेत. किती, कोणत्या गटातले, ते दिलेलं नव्हतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून आमच्याकडे याला 'डामा' म्हणतात. पेशंट डामा गेला, एवढं बोललं की वॉर्डात विषय संपतो. पण डामा कोण जातं, ते वॉर्डात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बरा होत आलेला माणूस डामा जात नाही. लघवी बंद झाली, हिरड्यांतून रक्त थांबेना, की नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागतात. जीव घरी जावा, गाडीभाडं प्रेताचं लागू नये, गावच्याच मातीत देह पडावा. जीप येते, एक अंगठा उमटतो आणि माणूस जातो. मग तो जगला का मेला, हे कुठेच लिहिलं जात नाही. मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासातून मरणारेच उठून गेले होते.

मी 'सगळे मोजले का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. सहकाऱ्याने 'हो' लिहिलं होतं.

"अहो मॅडम, आता निवाडा सरांकडं न्यायचा का? सरांच्या लेखावर?" तो कुजबुजला. "तुमी कावून उगं आगीत हात घालताय? तो प्रश्नच काढून टाकू यादीतून."

"प्रश्न आपण लेख बघायच्या आधी लिहिलाय," मी म्हणाले. "आता काढला तर वकिली."

तो माझ्याकडे असं बघत राहिला की माझी नोकरी त्याला आताच गेलेली दिसत होती. खरं सांगायचं तर मलाही दिसत होती.

सरांकडे निवाडा मागायचा नाही, हे मी ठरवलं. पण आढाव्यात एक रीत असते: लेखात माहिती अपुरी असेल तर लेखकाला विचारायचं. म्हणून मी सरांना लेखक म्हणून विचारलं. डामा गेलेल्यांचं पुढे काय झालं आणि ते कोणत्या गटातले होते? सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाहेर ऊन मरत चाललं होतं, आभाळ नुसतं गच्च, वारा नाही. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "बहुतेक कमी लसवाले. नंतरचं माहीत नाही. कुणी विचारायला गेलं नाही." मग म्हणाले, "युसूफ वडगावचा एक आठवतो. उद्या जाऊ."

युसूफ वडगावात बाजाराच्या मागे ते घर होतं. जीपचा आवाज ऐकून एक बाई बाहेर आली, चाळिशीची, हात शेणाने भरलेले. दारातच म्हशीचं रेडकू बांधलेलं. सरांनी नाव न सांगता विचारलं, तुमच्या मालकांना साप चावला होता, त्यांना इस्पितळातून घरी आणल्यावर काय झालं?

"त्याच दिशी गेले की," ती म्हणाली. "वेशीत गाडी आली आन् गेले."

सर खाली बघत म्हणाले, "सल्ला न मानता नेलं होतं ना तुम्ही?"

ती बाई पुढे आली. हात पदराला पुसले आणि सरांचा चेहरा नीट न्याहाळला. ती चिडलेली नव्हती, हेच मला सहन होईना.

"न्हाई सायेब. आमी तर ऱ्हायलो असतो. तुमीच म्हनलं की, आता लस न्हाई, लई झाली, घरी न्या. तुमचं ऐकूनच नेलं. कागदावर अंगठा मागितला, तो बी दिला."

तिने आम्हाला चहा विचारला. आम्ही तो न घेताच जीपमध्ये बसलो. माझा राग कुणावर काढावा ते मला कळेना. समोरचा माणूस माझा गुरू होता, आणि लस खरंच नव्हती.

केजचा रस्ता लागला तेव्हा सर म्हणाले, "माझा लेख वगळा."

"वगळता येत नाही सर," मी म्हणाले. "तो निकषांत बसतो. आतच राहील. फक्त दर्जाच्या रकान्यात खालचा शेरा पडेल, आणि मर्यादेला आधार नाही, असं खात्याला कळवावं लागेल."

त्यांनी मान हलवली. "कळवा. पहिली सही माझी." थोड्या वेळाने विचारलं, "शेऱ्यात काय लिहाल?"

मी मांडीवर कागद घेऊन लिहिलेलं वाचून दाखवलं. सल्ल्याविरुद्ध गेले म्हणून वगळलेल्यांपैकी काहींना घरी न्यायचा सल्ला लेखकानेच दिला होता, असं रुग्णाच्या घरी प्रत्यक्ष विचारल्यावर कळलं.

सरांनी 'काहींना'वर बोट ठेवलं. जीप खड्ड्यांतून चालली होती, तरी त्यांनी बोट उचललं नाही.

"सगळ्यांना," ते म्हणाले.