घंटेचा लोलक

पिंगळी स्टेशनाकडून येणारी वाट महादेवाच्या देवळावरूनच आमच्या गावात शिरते. म्हणून बाहेरची बातमी आधी गुरवबाबांना कळायची, मग गावाला.

दुष्काळाच्या त्या साली माझे मालक काविळीनं परभणीच्या दवाखान्यात पडले होते. दीर सोबतीला होते. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. मालकांना उतार पडावा म्हणून सासूबाई मला रोज सकाळी आडावर अंघोळ झाली की मागच्या वाटेनं देवळात न्यायच्या. पाय धुवायचे, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा, घंटा एकदाच आणि हलकी वाजवायची. "देवाला आलो म्हणून सांगायचं, धमकवायचं न्हाई," असं त्या म्हणायच्या. नंदीच्या शिंगांमधून पिंडीकडं बघत हात जोडायचे आणि ओठातल्या ओठात म्हणायचं, महादेवा, त्यांना सांभाळ. मग गुरवबाबांच्या पाया पडायचं. ते म्हणायचे, "अखंड सौभाग्यवती हो, माय." त्या शब्दांवर माझा दिवस निघायचा.

त्या सकाळी आम्ही पाय धुतो न धुतो तोच गुरवबाबा गाभाऱ्यातून घाईनं बाहेर आले. सासूबाईंनी घंटेकडं हात नेला, तर त्यांनी आधीच लोलक मुठीत धरला. मला वाटलं, म्हातारा भ्रमला. मी सवयीनं पाया पडायला वाकले. ते मागं सरले, रोजचा आशीर्वाद दिला नाही.

सुतकात देवळाची पायरी चढत नाहीत, घंटा वाजवत नाहीत. सुतकातल्या माणसाचा नमस्कार कुणी घेत नाही, त्याला आशीर्वादही देत नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. सासूबाईंनी घंटेकडं नेलेला हात मागं घेतला.

"माझं लेकरू गेलं का?" त्यांनी विचारलं.

"सकाळच्या गाडीनं माणूस आलाय. तुमच्याच घराकडं गेलाय, माय," गुरवबाबा म्हणाले. लोलक अजून मुठीतच होता.

मला रडू आलं नाही, संताप आला. माझा नवरा गेला हे सांगायच्या आधी या माणसानं देवाला विटाळ होऊ नये एवढं बघितलं. तोंडानं सांगायला त्यांची जीभ उचलली नसेल, हे आता कळतं. तरी राग गेला नाही, खोटं कशाला बोलू.

पुढं बऱ्याच महिन्यांनी सासूबाईंनी मला पुन्हा देवळात नेलं. लोक काय म्हणतील याची त्यांनी पर्वा केली नाही. मी पाय धुतले, घंटा हलकीच वाजवली, नंदीमागून हात जोडले. ओठ हलले नाहीत, मागायला काही उरलंच नव्हतं. मग गुरवबाबांच्या पाया पडले.

त्यांच्या तोंडून सवयीनं "अखंड" एवढं निघालं, आणि ते थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडेना. मी तशीच वाकून वाट बघत राहिले.