लोणच्याच्या हातानं बांधलेलं कलम

गुडीहत्नूरच्या जरा अलीकडे, हायवेला लागून आमची लहानशी नर्सरी आहे. वर्षभर भाजीची रोपं आणि पावसाळ्यात आंब्याची कलमं. कलमं मीच बांधते. किती वर्षं झाली ते विचारू नका, चाकूनं अंगठ्याला पडलेला घट्टा आता माझ्यासोबतच जाईल. झाडाझुडपांत बसणारी बाई म्हणजे आनंदी आनंद, असं लोकांना वाटतं. कसला आनंद बापा! कंबर धरते, गुडघे बोलतात, चिकानं हाताची सालपटं निघतात. दिवस मावळला की माझ्यासमोर कोणी आंब्याचं नावसुद्धा काढलेलं मला खपत नाही.

अशाच एका संध्याकाळी माझी मोठी नणंद नार्नूरहून आली. मी तिला आक्का म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हैदराबादला गाडी चालवतो, आणि ती एकटी घरी लोणचं घालून विकते. इचोड्याच्या बाजारात तिच्या बरण्या पोहोचायच्या आधी गिऱ्हाईक येऊन उभं असतं. शाळेतल्या तेलुगू मास्तरणी तिला आवकायासाठी, म्हणजे मोहरीच्या तिखट लोणच्यासाठी, उन्हाळ्याच्या आधीच सांगून ठेवतात. आणि हे सगळं लोणचं एका झाडाच्या जिवावर, तिच्या घरामागच्या. त्या आंब्याला ना नाव ना रूप. पिकला तर नुसते दोर, पोरंसुद्धा दगड मारत नाहीत. पण कच्चेपणी असा घट्ट आणि असा आंबट, की वर्षभर खारात राहूनही फोड दाताखाली कुरकुर वाजते.

"वयनी, झाडाले भिरूड लागलं व," चपला काढता काढताच ती म्हणाली. भिरूड म्हणजे बुंधा आतून पोखरणारी अळी. "भुसा पडून राह्यला खाली. अर्धं झाड वाळलं. आता मी काय घालू बरणीत, माह्यं कपाळ?"

कोय लावून भागेल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कोयीतून कोणता आंबा निघेल ते देवालाच ठाऊक. लेकरू आईसारखंच निघतं असं नाही. तोच आंबा पाहिजे तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम करावं लागेल.

"मंग दे बांधून."

नर्सरीत कलमांचा ढीग पडला होता, माझा जीव मेटाकुटीला आलेला. मी जरा तुसडेपणानंच म्हटलं, "तुमीच शिका. पोत्यानं कैऱ्या फोडता अडकित्त्यानं, एक काडी कापायला काय झालं?"

तिनं ते मनावर घेतलं! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायच्या आधीच शेडमध्ये पाट टाकून बसली.

खुंट, म्हणजे ज्याच्यावर काडी बसवायची ते मुळासकट रोप, विकत काऊन घ्यायचा, हा तिचा पहिला प्रश्न. "आमच्या रानात बिब्याची, चारोळीची रोपं ढीगभर हायेत. बिब्याचा चीक आंब्यावानीच, पोळते बी तसाच. एकाच घरातले दिसतात."

"दिसतात, पण जमत नाही," मी म्हटलं. "लग्नाला गोत वेगळं पाहतात, इथं एकच लागतं. आंब्यावर आंबा. खुंट कोणत्याही गावरान कोयीचा चालते, फळ वरच्या काडीचंच येते. अन् बिब्याला हात लावाल तर तोंड सुजवून बसाल."

मग मी तिला काडी कशी निवडायची ते दाखवलं. पेन्सिलीएवढी जाड, खुंटाच्या जाडीची, शेंड्याचा डोळा, म्हणजे कोंब, टपोरला पण फुटला नाही अशी. झाडावर असतानाच तिची पानं कापायची, देठ ठेवायचे. आठदहा दिवसांत देठ आपोआप गळतात, डोळा फुगतो, तेव्हा काडी कापून आणायची. खुंटाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची. काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. एका हिसक्यात, करवतीसारखं घासायचं नाही. आक्काचा हात पाहून मी माझा चाकू खाली ठेवला. कैरी फोडणाऱ्या बाईचा हात तो, पाचर आरशासारखी गुळगुळीत!

"आता हे पाहा," मी नखानं साल खरवडली. "वरची साल, आत लाकूड. दोघांच्या मधात हा हिरवट, ओला पापुद्रा आहे ना, सगळा जीव इथं. काडीचा पापुद्रा खुंटाच्या पापुद्र्याला चिकटला पाहिजे. काडी बारीक असली तर मधोमध नका बसवू, एका बाजूला सरकवा. एक कड तरी जुळली पाहिजे. कापलं की लगेच बसवायचं, आतल्या भागाला बोट लावायचं नाही, वाळू द्यायचं नाही. खालून वर प्लास्टिकची पट्टी गच्च आवळायची, अन् वरून बर्फाच्या कुल्फीची लांब पिशवी टोपीसारखी घालायची, ओल टिकावी म्हणून. सावलीत ठेवायचं."

"समजलं व, समजलं. मी काय लहान हाये?" असं म्हणून खुंटांच्या पिशव्या घेऊन ती बसमध्ये बसली.

पावसाची झड लागली होती तेव्हा तिचा फोन आला. सगळ्या काड्या काळ्या पडल्या होत्या, एकही डोळा हलला नव्हता. मला वाटलं, पट्टी सैल बांधली असेल. उटनूरला बस बदलून, चिखल तुडवत गेले. ओसरीत तिनं कलमं ओळीनं मांडून ठेवली होती, कुंकू लावायचं तेवढं बाकी होतं. मी एकाची पट्टी सोडली आणि पाहतच राहिले. जोड आतून पिवळाधमक! वास घेतला, तर हळद आणि मोहरीचं तेल.

"आक्का, हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? कापलेल्या जागी बुरशी नाई लागली पाह्यजे ना! मी काड्या तासल्या, कपड्यानं पुसल्या, घटकाभर उन्हात सुकवल्या, मंग हळद-तेल लावून बांधल्या. ओलं राह्यलं की सडते. चाळीस वर्षं लोणचं घालते मी, माह्यी एक बरणी नाई नासली."

मी कपाळाला हात लावला. सगळं बरोबर होतं तिचं, लोणच्यासाठी! फोड टिकवायची तर पाणी काढायचं, तेलात बुडवायची. इथं तर ओल्याला ओलं भिडवायचं होतं. "आक्का, तुमी काड्यांचं लोणचं घातलं!" मी इतक्या जोरात बोलले की शेजारीण दारात आली. "तेलाचा थर मधात आला, पापुद्रा वाळला, मग जोडणार कसं? ते मेलं तरी चालते म्हणून लोणचं होते, हे जिवंत पाहिजे!"

ती उठून घरामागं गेली. मी मागोमाग गेले, तर झाडाला हात लावून उभी. उत्तरेची एक फांदी तेवढी हिरवी उरली होती. मला माझ्याच तोंडाचा राग आला, आणि इतकं थकल्यासारखं झालं की तिथंच दगडावर बसले.

त्या फांदीवरच्या चार काड्या कामाच्या निघाल्या. पानं कापून ठेवली, देठ गळल्यावर मी परत गेले. या वेळी बांधताना मी समोर बसले. तिचा हात दर वेळी पदराकडे जायचा पुसायला, आणि मी दर वेळी "हूं" करायची. "ओलंच बांधून राह्यली बाई, काय होईल देव जाणे," ती पुटपुटत होती. चारांतल्या दोन गेल्या. तिसरीला पालवी आली म्हणून तिनं फोनवर मला आनंदानं दाखवली, तर ती जोडाच्या खालून, खुंटाची. "खुडा ती," मी म्हटलं. "खुंटाची फूट ठेवली तर वरची काडी उपाशी मरते." तिनं खुडली, पण वरचा डोळा आधीच गेलेला होता. चौथीचा मात्र फुटला, जोडाच्या वर, तांबूस. टोपी काढली, पुढं जोड फुगला तशी पट्टी चिरून काढली, नाही तर गळफास बसतो. आता तेवढं एकच कलम होतं आणि आम्ही दोघी होतो.

पुढच्या उन्हाळ्यात वादळात झाड आडवं झालं. पावसात आम्ही ते कलम लावलं, जोड मातीच्या वर ठेवून, काठीचा आधार देऊन, बकऱ्यांसाठी काट्याचं कुंपण करून. त्या वर्षी आक्कानं बाजारची कैरी घेऊन लोणचं घातलं. इचोड्याला गिऱ्हाईकानं तोंडावर सांगितलं, औंदा मऊ पडलं. दिवाळीनंतर बरण्या तशाच परत आल्या. फोनवर ती हे अगदी सरळ आवाजात सांगत होती, आणि मला ऐकवत नव्हतं.

थंडीत तिचा फोन आला, "वयनी, मोहोर आला!"

"खुडून टाका."

मी समजावलं की रोप कोवळं आहे, फळ धरलं तर वाढ खुंटते, तीनचार वर्षं मोहोर ठेवायचा नसतो. ती म्हणाली, "माह्याच्यानं नाई होत, तू ये." मी गेले. एकेक तुरा खुडत आले, शेवटच्याला हात घातला तर तिनं माझं मनगट धरलं.

"हा राहू दे. मले एक कैरी पाह्यजे. खालचा खुंट परक्याचा हाये. वर आपलाच आंबा हाये का नाई, हे मी तुह्या बोलण्यावर चार वर्षं नाई धरू शकत."

फळ काडीचंच येते, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. तरी मी हात मागं घेतला. त्या तुऱ्याला सुतळीनं काठीशी बांधलं आणि गुपचूप बसनं घरी आले. घरी आल्यावर मलाही शंका खायला लागली. नसला तर?

तुऱ्यावर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या, गळल्या, एक राहिली. तिच्यात बाठा धरला तेव्हा आक्कानं मला बोलावलं. ऊन मी म्हणत होतं, माझे पाय सुजले होते, तरी गेले. तिनं मोठा अडकित्ता काढला, पोतंपोतं फोडायचा, त्या एकट्या कैरीसाठी. फोड दाताखाली धरली. कर्रकन आवाज झाला. तिचे डोळे मिटले, सगळं तोंड आक्रसलं.

"आक्का?"

दुसरी फोड तिनं माझ्या तोंडात कोंबली. माझे दात आंबले, कानामागून कळ गेली.

"तोच हाये मेला," ती म्हणाली. "तोच व, वयनी." आणि गालावरून पाणी वाहत असतानाच लगेच, "एकानं काय होते? धा तरी पाह्यजेत. ह्याच्या काड्या कवा काढायच्या?"

"आक्का, मला बसू तर द्या," मी म्हटलं, आणि तिच्या बाजेवर आडवीच झाले. छताकडं पाहत पडले, तर डोळ्यांतलं पाणी थेट कानात जायला लागलं, आणि ते पुसायचंही त्राण माझ्यात नव्हतं.