तीनाच्या डोक्यावरचा एक

मोहाडीत माझा गणिताचा क्लास आहे. कोष्ट्याच्या घरातली मी. घरात मागावर बसणाऱ्यांना हिशेब तोंडपाठ असतो, पण गणितात पदवी घेणारी मीच पहिली. शिकले ते स्वतःच्या जिवावर, आणि क्लासही उभा केला तो भांडून, घासाघीस करून. भाड्याची खोली, फळा, बाकं, सगळं मी अर्ध्या किमतीला पाडून घेतलं. कोणी चार शब्द जास्त बोललं की माझं डोकं तापतं आणि मग समोरचा देऊन मोकळा होतो. मला तीच सवय लागली.

एक सल मात्र होता, अजून आहे. तालुक्याच्या शाळेत गणिताच्या जागेसाठी आम्ही दोघं मुलाखतीला होतो, मी आणि भंडाऱ्याकडचा एक जण. जागा त्याला मिळाली. माझे गुण जास्त होते. का मिळाली नाही ते कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारायला गेले तर शिपायाने दारातच सांगितलं, "साहेब नाहीत जी." त्या दिवसापासून मी ठरवलं की त्याच्या शाळेतली पोरं माझ्याकडेच गणित शिकायला येतील. आणि येत होती.

येत होती ती वेगासाठी. तो म्हणे घातांकाचा एकेक नियम सिद्ध करून दाखवायचा, आणि त्यात आठवडा जायचा. मी एका तासात सगळे नियम गुंडाळायचे. कंसाबाहेर वजा घात आला की पोरं गोंधळतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी एक वाक्य करून दिलं होतं: "कंसाच्या डोक्यावर वजा दिसला, की आतल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं चिन्ह पलटव, मग बाहेरच्याने गुण." पोरं हे एका सुरात म्हणत. बाहेर उभे असलेले पालक ऐकून हसत आणि पोराला क्लासला टाकत.

दहावीनंतर मुलींसाठी भंडाऱ्याची एक संस्था परीक्षा घेते. पास झालेल्या मुलीला विज्ञान शाखेत प्रवेश आणि राहायची सोय फुकट. माझ्या पाच मुली बसल्या होत्या. त्यांतली एक बपेरा गावाकडच्या, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची. रोज बसने यायची, आणि चेहऱ्यावरून कधी समजायचं नाही की तिला कळलं की नाही, पण उत्तर बरोबर असायचं. तिच्या गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स आहे. बापाने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडमजी, तिथं लागली तं सायन्स शिकवीन. नाई लागली तं मले जमत नाई. धाकटे दोघं आहेत."

निकाल लागला. ती एका गुणाने राहिली.

मी बाकी काही बघितलं नाही. पेपर बघायची मुभा होती, म्हणून बस पकडून भंडाऱ्याला गेले. मनात हिशेब पक्का होता: कुठे तरी अर्धा, कुठे तरी पाव, भांडून एक गुण काढायचाच. संस्थेच्या खोलीत पेपर तपासणारा बसला होता. तोच. माझी जागा घेतलेला.

"बसा मॅडम," तो म्हणाला. त्याने चहा मागवला. मी म्हटलं, "चहा नको, पेपर द्या."

दोन गुणांच्या एका प्रश्नात तिला एकच मिळाला होता. प्रश्न असा: (3a²b⁻³)⁻² × a⁵b⁻⁴ सोपं करा. तिचं उत्तर होतं 9ab².

मी लगेच सुरू झाले. "a चा घात बरोबर, b चा घात बरोबर. कंस सोडवला, मग घातांकांची बेरीज केली, सगळ्या पायऱ्या आहेत. मग एक गुण कायले कापला? आमचीच पोर दिसली का?"

"पायऱ्यांचाच एक गुण दिला आहे, मॅडम. तीन बघा."

"तीन काय? तीनाचा वर्ग नऊ."

"वर्ग तर झाला. पण बाहेर वजा दोन आहे. तीनाचा घात एक आहे, तो वजा दोनने गुणला की तीनाचा वजा दोन घात, म्हणजे नवमांश. उत्तर ab² भागिले 9."

मला हे येत नव्हतं असं नाही. मी स्वतः सोडवलं असतं तर हात आपोआप नऊ छेदात लिहून गेला असता. म्हणूनच मला ती पोरीची किरकोळ चूक वाटली आणि मी घासाघीस सोडली नाही. "एवढ्या मोठ्या गणितात एक आकडा वर-खाली झाला. अर्धा द्या, बाकी मी दुसरीकडून काढते."

त्याने कागदावर a आणि b दोन्हींच्या जागी एक लिहिला. "प्रश्नाची किंमत येते एक नवमांश. पोरीच्या उत्तराची नऊ. एक्याऐंशी पटीचा फरक आहे, मॅडम. तुम्ही बाजारात एवढं सोडता का?"

त्याने हे हसून म्हटलं. मी टेबलावर हात आपटला आणि नको ते बोलले, त्या जुन्या मुलाखतीबद्दलही. मग तो उठला आणि कपाटातून आणखी चार पेपर आणले.

"या कोणाकडून शिकल्या ते मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "पण या पाचही जणींनी तेच लिहिलं आहे. बाकी कुणीच नाही."

पाच पेपर. पाचही ठिकाणी आधी कंसातली अक्षरं पलटवलेली, a⁻² आणि b³, आणि तीन तसाच. मग सगळ्यांचा वर्ग. पाचही ठिकाणी 9ab². तीनाच्या डोक्यावर काहीच दिसत नव्हतं, तर पोरी पलटवणार काय? न लिहिलेला एक तिथे आहे, हे मी माझ्या एका तासाच्या घाईत कधी म्हटलंच नव्हतं. जिथे म्हणायला हवं होतं तिथे मी वाक्य आणखी छोटं केलं होतं, सुरात बसावं म्हणून.

मागायला काही उरलं नव्हतं. चहा गार झाला होता, मी तो तसाच ठेवून निघाले.

मोहाडीला पोचले तर बाप-लेक क्लासच्या ओट्यावर बसले होते. दुपारची बस सोडून थांबले होते.

"देल्ला का जी गुण?" बापाने विचारलं.

"नाही दिला."

"काहून?"

मुलगी वही उघडून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "मॅडम, तीनाचा बी पलटवा लागत होता का? मी तं तुमी सांगतल्यापरमानंच केलं."

तेव्हा मला "हो, माझं चुकलं" म्हणता आलं असतं. तीन शब्द. बापाने चार शिव्या दिल्या असत्या, पण पोरीला एवढं तरी कळलं असतं की तिचं डोकं चांगलं आहे.

मी म्हटलं, "तुले किती वेळा सांगतलं, नीट पाहून करत जाय!" आणि बापाकडे वळून म्हटलं, "तपासणारा माझ्यावर जळते. त्यानंच कापला."

बापाने मान हलवली. त्याला पटलं. माझं बोलणं लोकांना पटतं. "चाल वो," तो पोरीला म्हणाला. "गावापाशीच आर्ट्स कर."

तिने वही बंद केली. तिला माझं पटलं नव्हतं हे मला दिसलं, कारण तिच्या चेहऱ्यावरून पहिल्यांदाच काही समजलं. पण मोठ्यांसमोर उलट बोलायचं नसतं, आणि मी तर तिला शिकवणारी होते. ती बापाच्या मागे बस स्टँडकडे गेली. मी ओट्यावर उभी होते, हाक मारायला वेळ भरपूर होता, आणि मारली नाही.