हिरवी खूण

शिळफाट्यावर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, एक शटर, एक टेबल आणि भिंतीला टेकलेल्या फायली. गिऱ्हाइकाचं रिटर्न भरायला बसलं की आयकराच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे ईमेल टाकायचा तो माझा, मोबाइल टाकायचा तोही माझाच. त्यासाठी दोन-तीन जादा सिम आणि चार-पाच ईमेल मी बाळगून होतो. आमच्या धंद्यात बरेच जण हेच करतात. गिऱ्हाइकाला कटकट नको, असं तोंडाने म्हणायचं. खरं म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ नये म्हणून. शी! आता लिहितानासुद्धा तोंड कडू होतं.

साजगावच्या एका कारखान्याला जेवणाचे डबे पुरवणारी एक बाई माझ्याकडे यायची. कारखाना तिच्या बिलातून कर कापून घ्यायचा. तिचं उत्पन्न करपात्र नव्हतं, म्हणून तो परत मिळणार होता. त्यातून तिला मोठी शेगडी घ्यायची होती.

रिटर्न भरून दोन महिने झाले तरी पैसे आले नाहीत, तेव्हा ती नवऱ्याला घेऊन आली. मी पोर्टल उघडलं. हिरवी खूण, आणि समोर 'प्रोसेस्ड'. मी स्क्रीन नवऱ्याकडे वळवली. "झालंय की! पैसे आलेच असणार. बँकेत विचारा."

बँकेतला माणूस म्हणाला, इथे काही आलेलं नाही. पण घरात माझा शब्द पोचला होता. सासूने सरळ ठरवलं, सरकारने दिले आणि हिने परस्पर भावाला दिले. त्या महिन्यात तिच्या भावाने घरावर पत्रे घातले होते, झालं!

पुढच्या खेपेला ती एकटी आली. डोळे सुजलेले. "दादा, माज्याशी कोन बोलत नाय घरात. ताट वाढून ठिवतात नि उठून जातात. मी चोर हाय का?"

मी वैतागलो, ते बँकेवर, सरकारवर, तिच्या सासूवर. सगळे हरामखोर, असंही मनात म्हणालो. आणि मग, पहिल्यांदाच, त्या हिरव्या खुणेच्या आतलं पान उघडलं.

आत स्वच्छ लिहिलं होतं: परतावा जमा होऊ शकला नाही, बँक खात्याची पडताळणी अयशस्वी. प्रोसेस्ड म्हणजे रिटर्न तपासून झालं, इतकंच. पैसे खात्यात पडले असा त्याचा अर्थ नसतो. हे मी इतरांना शिकवतो! तिचं पॅन माहेरच्या नावाचं. लग्नात तिच्या सासरच्यांनी रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, आणि सासऱ्यांनी बँकेत खातं उघडलं ते त्या नव्या नावाने. नावं जुळेनात म्हणून खातं पडताळणीत नापास. शेवटच्या तारखेच्या घाईत पडताळणी चालू असतानाच मी रिटर्न ढकलून मोकळा झालो होतो.

आणि हे सगळं सांगणारा ईमेल माझ्याकडेच आला होता. न उघडलेला. ती नवऱ्याला घेऊन आली त्याच्याही आधीचा. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"बँकेच्या बाजूने अडचण आहे," मी म्हणालो. होय, तेव्हाही खोटंच बोललो.

तिने पॅनवरच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं. मी ते पोर्टलवर जोडलं, पडताळणी झाली, परताव्यासाठी तेच निवडलं आणि पैसे पुन्हा पाठवण्याची विनंती टाकली. आधारचा ओटीपी तिच्या मोबाइलवर आला. त्या निमित्ताने ती टेबलाच्या माझ्या बाजूला आली आणि तिने स्क्रीनवर उघडा राहिलेला, तिच्या नावाचा तो जुना ईमेल पाहिला. शाळा नववीपर्यंतच, पण तारीख वाचता येत होती.

"हे तुमाला तवाच कळलं हुतं?"

"आलं होतं. मी वाचलं नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पोर्टलवर माझा नंबर काढून स्वतःचा घालायला लावला. मग फोन काढून घरी सासूला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आत्या, हे दादा काय सांगतात ते ऐका."

मी सांगितलं. पैसे आलेच नव्हते, चूक माझी, तिने कुणाला काही दिलेलं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग सासूचा आवाज आला, "मंग त्या दिशी तुमीच माज्या पोराला आलेत म्हनून सांगितलंत ना?"

"हो."

"न बगताच?"

शेजारीच ती माझ्याकडे बघत उभी होती. मी पुन्हा हो म्हणालो.