तळ्यातले मासे धरण्याचा अधिकार

मुखत्यारपत्र घेऊन येणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो आणि मग कीव येते. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर स्वभाव असाच होतो, त्याला माझा इलाज नाही. जबलपूरच्या आमच्या शाखेत असे कागद हमखास माझ्याच टेबलावर येतात, कारण बाकीच्यांना घरी लवकर जायचं असतं.

त्या दिवशी मात्र मुखत्यारपत्र लिहून देणारा स्वतःच हजर झाला. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आणि सोबत त्यांची मुलगी, शाळेत शिक्षिका. आपला बँकेचा कारभार तिनं पाहावा म्हणून त्यांनी ते केलं होतं. मी काहीही विचारलं की काका तिच्याकडे बोट दाखवत.

"हिला विचारा. मी अधिकार देऊन टाकला."

"अहो काका, तुम्ही समोर बसलाय!"

"मी नाहीच असं समजा न मॅडम."

मी कपाळाला हात लावला आणि कागद वाचायला घेतला. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसानं पाटनकडच्या कुणा जमीनदाराचा मसुदा जसाच्या तसा उतरवलेला दिसत होता. मुलीला शेताला पाणी देण्याचा, आंब्याची झाडं तोडण्याचा आणि तळ्यातले मासे धरून विकण्याचा अधिकार होता. काकांची एकूण शेती म्हणजे बाल्कनीतली तुळशीची कुंडी. बँकेबद्दल एकच ओळ होती, खात्यात रक्कम जमा करावी. काढण्याबद्दल चकार शब्द नाही. अशा कागदात जे लिहिलेलं नाही ते दिलेलंच नाही असं आम्ही धरतो.

पुढे साक्षीदार. एक शेजारी होता, दुसरी खुद्द मुलगी. जिला अधिकार मिळाला तीच साक्षीला! आणि काकांची सही तर पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवावी इतकी सुवाच्य. आमच्याकडचा नमुना म्हणजे एक गुंतवळ आणि खाली फराटा.

"अर्जनवीस म्हणाला, साफ-साफ लिखिए," काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले.

"हे चालणार नाही."

"रिजेक्ट?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. कारखान्यात जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचा माल तपासून नापास केला होता. खुर्ची ओढून ते माझ्या बाजूला आले. "कुठं-कुठं फॉल्ट आहे, सांगा बरं."

मी दाखवत गेले आणि ते मान डोलवत गेले. "बरोबर. एकदम बरोबर. मी पण पास केला नसता."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलून राहिले?" मुलगी रडकुंडीला आली होती.

मला हसू आवरेना. माझ्या नकारावर इतका खूश झालेला ग्राहक मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या खेपेला त्यांनी नवा कागद आणला. मुद्रांक, नोंदणी, दोन परके साक्षीदार, खातं चालवण्याचा आणि ठेव मोडण्याचा स्पष्ट उल्लेख, आणि खाली तोच गुंतवळ, तोच फराटा. खोट काढायला जागाच नव्हती. म्हणून मी सहज विचारलं, तुम्ही तर चालते-फिरते आहात, मग एवढा खटाटोप काहून?

काकांनी मुलीकडे बोट दाखवलं नाही. "डॉक्टर म्हणतात, मी विसरून राहिलो. पुढं मला काहीच समजणार नाही. त्या दिवसासाठी आहे हे."

मी कागद खाली ठेवला. आता पुढचं सांगणं माझ्यावर यावं याचा मला फार राग आला. "काका, मुखत्यारपत्र तुमची समज शाबूत आहे तोवरच चालतं. ती गेली की अधिकारही संपतो."

"म्हणजे पाऊस आला की छत्री बाद?"

"हो."

ते खदखदून हसले, सगळी शाखा पाहू लागली. मुलगी हसली नाही, मीही नाही. मग मी सुचवलं की अजून सगळं समजतंय तोवर मुलीचं नाव खात्यात घाला, दोघांपैकी कोणीही चालवेल असं संयुक्त खातं करा. त्यांनी त्याच आठवड्यात सह्या केल्या.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा आली. काका वाळले होते. मुलीला मागे ठेवून ते माझ्या टेबलाशी वाकले.

"मॅडम, या बाई सकाळपासून माझ्यासोबत फिरून राहिल्या. म्हणतात, माझं खातं पाहतात. जरा तपासून घ्या न."

मुलीनं सगळं ऐकलं होतं. तिनं पैसे काढायची स्लिप भरून पुढे सरकवली. मी तिची सही पडद्यावरच्या नमुन्याशी लावून पाहिली, गरज होती त्याहून कितीतरी जास्त वेळ, कारण मला मान वर करवत नव्हती.

"सही जुळते, काका."

"नीट पाहिलं?"

"नीट पाहिलं."

"मग पास," ते म्हणाले आणि पासबुक त्या बाईंच्या हातात दिलं.