सहाव्या टीव्हीवरची सांगली

सांगलीशेजारच्या माधवनगरात, जिथं पूर्वी माग खडखडायचे त्या एका शेडमध्ये आम्ही भिंतीवर आठ टीव्ही लावून बसायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं काय मजा आहे, दिवसभर टीव्ही बघायचा पगार! पण आवाज सगळ्यांचे बंद. आमचं काम चेहऱ्यांच्या खाली चालायचं. बातमीवाहिनीच्या तळाशी जी स्थिर पट्टी असते आणि तिच्याखालून जी धावती असते, त्या दोन्ही वाचायच्या, आणि कुठला मथळा किती वाजता आला, किती वाजता बदलला, याचा लॉग ठेवायचा. साखर कारखाने, बँका, पुण्यातल्या एकदोन संस्था आमची गिऱ्हाइकं. आपल्याबद्दल सकाळी काय म्हणत होते आणि संध्याकाळी काय म्हणायला लागले, हे त्यांना पाहिजे असायचं.

वाचायचं काम संगणकाचं. दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचं एक चित्र तो उचलायचा, खालची पट्टी कापून घ्यायचा आणि अक्षरं ओळखायचा. ती प्रणाली मी बसवली होती आणि त्याचा मला गर्व होता. साधासुधा नाही, चांगला नाकावर बसलेला गर्व.

धंदा ज्यांचा होता ते सुभेदार. साताऱ्याकडचे, सैन्याच्या सिग्नल दलात बावीस वर्षं काढलेले. संगणकावर त्यांचा विश्वास होता, पण शेजाऱ्यावर असतो तेवढाच. म्हणून लांब पुठ्ठ्याच्या वहीत ते हातानं नोंदी करत बसायचे. पट्टी बदललेली दिसली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, फौजी पद्धतीनं चोवीस तासांची वेळ टाकायची आणि तीनचार शब्द लिहायचे. खोडाखोड नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही.

"सुभेदार, हे सगळं मशीन लिहितंय की," मी म्हणायचे.

"लिहू दे की. मी कुठं त्येचा हात धरलाय?"

तिसरी होती आमची तपासणारी मुलगी. जतच्याही पलीकडच्या एका वाडीतली, घरी मेंढरं. संगणकानं वाचलेल्या ओळी चित्राशी ताडून बघायचं काम तिचं. पहाटे मैदानावर पळायची, अकरा वाजता पाय दाबत कामावर यायची. पोलीस भरतीची तयारी चालली होती. वयात बसणारी ही शेवटची भरती, हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हा दोघांनाही तिची मैदानी चाचणी कधी आहे ते पाठ झालं होतं. सांगलीत, मंगळवारी सकाळी सहाला. शनिवारी ती मूळ दाखले आणायला गावी गेली. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं येणार होती.

मंगळवार गेला, बुधवार गेला, ती आली नाही. आम्हाला वाटलं, पळून दमली असेल. गुरुवारी दुपारी चारला ती दारात उभी राहिली, चेहरा पार उतरलेला.

"ताई, मी गेलेच न्हाई वो मैदानावर."

सोमवारी संध्याकाळी ती जतच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होती. हॉटेलातल्या टीव्हीवर पट्टी आली: पावसामुळे सांगली, साताऱ्यातील पोलीस भरतीची उद्याची मैदानी चाचणी पुढे ढकलली. बाहेर पाऊस होताच. ती माघारी वाडीला गेली. सांगलीची चाचणी मात्र ठरल्या वेळी झाली. पुढे ढकलली होती ती फक्त साताऱ्याची.

"आगं, दिवसभर पट्ट्या बदलताना बघतीस तू!" सुभेदार म्हणाले. "एक फोन करून इचारायचं न्हाईस?"

"लावला की. भरतीच्या हापिसातला लागंना. मग म्हटलं, पट्टीच हाय की." तिला रडू आवरेना. "दोन दिस तोंड दाखवायची लाज वाटली वो सायेब."

आज सकाळी ती भरतीच्या कार्यालयात जाऊन आली होती. तिथले अधिकारी भले माणूस. म्हणाले, अशी बातमी खरंच लागली होती याचा पुरावा उद्या दुपारी बारापर्यंत आण, मग बघू. तिनं वाहिनीला फोन केला. तिथून उत्तर आलं, आम्ही सांगलीचं नाव घेतलंच नाही.

मला तर हसूच फुटलं, इतका आनंद झाला. पुरावा? अगं, आपण खातो कशाचं? "बस," म्हटलं. "पाच मिनिटांत छापून देते."

मी लॉग उघडला. सोमवार, भरती, मैदानी चाचणी. एक ओळ निघाली. सहावा टीव्ही, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एकच मथळा: पावसामुळे साताऱ्यातील पोलीस भरतीची उद्याची मैदानी चाचणी पुढे ढकलली. सांगली नव्हतीच. पुन्हा शोधलं. आठही वाहिन्या बघितल्या. नाही.

तिनं मान खाली घातली. "मग मीच चुकीचं वाचलं आसंल," ती म्हणाली.

 सुभेदार वही ओढून दोन पानं मागं गेले आणि बोट ठेवलं. त्यांच्या सरळ अक्षरात दोन ओळी होत्या.

१७०९, टीव्ही ६, भरती, सांगली आली.
१७१५, टीव्ही ६, भरती, सांगली गेली.

आणि मला आठवलं. सोमवारी चहा पिताना ते म्हणाले होते, "सांगली गेली बघ." मी मान वर न करता म्हटलं होतं, मशीनमध्ये असेल.

मशीनमध्ये का नव्हती हे मला क्षणात कळलं, कारण तो नियम माझाच होता. एकच पट्टी दहा मिनिटं पडद्यावर राहिली की संगणक ती सहाशे वेळा वाचतो, आणि दर वेळी थोडी वेगळी वाचतो. कधी वेलांटी खातो, कधी ळचा ठ करतो. प्रत्येक वाचन वेगळा मथळा धरलं तर लॉगचा उकिरडा होईल. म्हणून मी सांगून ठेवलं होतं: शंभरातली पंच्याऐंशी अक्षरं जुळली तर मथळा एकच समज, आणि जे वाचन जास्त वेळा आलं तेच ठेव. 'सांगली' काढली तरी बाकीची ओळ जशीच्या तशी राहत होती. चुकीची पट्टी सहा मिनिटं चालली, दुरुस्त केलेली चार तास. माझ्या हुशार नियमानं सांगलीला वाचनातली चूक समजून पुसून टाकलं होतं. गिऱ्हाइकं ज्यासाठी आमच्याकडे येतात तो बदलच मी लॉग स्वच्छ दिसावा म्हणून खात होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"चित्रं हायत का अजून?" सुभेदारांनी विचारलं.

मूळ चित्रण आम्ही रेकॉर्डरवर बहात्तर तास ठेवायचो. एका तासाची एक फाइल. नवा तास सुरू झाला की तीन दिवसांपूर्वीचा तोच तास पुसून त्या जागी नवं चित्रण बसायचं. सोमवारची पाच ते सहाची फाइल आज पाचला पुसली जाणार होती. भिंतीवरच्या घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी होती.

"आठ मिनिटं आहेत," मी म्हटलं आणि खुर्चीत बसता बसता ताडकन उठले. पुसापुशी रेकॉर्डरच्या घड्याळानं व्हायची, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाच्या चार मिनिटं पुढं धावायचं. महिनाभर दुरुस्त करू, करू म्हणत होते.

"आठ नाही, चारच!"

त्या चार मिनिटांत मी कुणाकुणाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पासवर्ड दोनदा चुकला. फाइल सापडली, ती दुसऱ्या डिस्कवर टाकायला लावली आणि पडद्यावरची हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकायला लागली. मुलगी माझ्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी होती. सुभेदार रेकॉर्डरच्या वेळेवर नजर ठेवून मोठ्यानं सेकंद मोजत होते, जणू समोर पलटण उभी आहे. चाळीस. तीस. वीसवर रेघ भरली आणि मी अशी काही ओरडले की शेजारचा गिरणीवाला धावत आला.

फाइल उघडली. पाच वाजून नऊ मिनिटं. तांबडी पट्टी, पिवळी अक्षरं आणि त्यात सांगली! वरच्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, शेजारी वाहिनीचं स्वतःचं घड्याळ. आमच्या रेकॉर्डरनं वेळ चार मिनिटं पुढची टाकली होती, पण त्याचं आता काही अडलं नाही. त्यांच्याच घड्याळात वेळ दिसत होती. एकेक चित्र पुढं नेलं. पाच पंधराला पट्टी एक सेकंद रिकामी झाली आणि परत आली तेव्हा सांगली नव्हती. दिलगिरी नाही, दुरुस्ती केल्याचा शब्द नाही. मुलगी आता हसत रडत होती. "दिसतीया का? मी बरोबर वाचलं हुतं!" एवढंच परत परत म्हणत होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी चित्रं नीट पाहिली, मग आमचा छापील लॉगही मागितला. तो मी घरीच ठेवायचा विचार केला होता, हे कबूल करते. सुभेदारांनीच पिशवीतून काढून पुढं केला.

"यात तर सांगली नाही," अधिकारी म्हणाले. "खरं काय धरायचं?"

असा लॉग चुकतो हे कागदावर आलं तर गिऱ्हाइकं टिकतील का, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. सुभेदार माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"चित्र खरं," मी म्हटलं. "लॉग चुकला. नियम मी लावला होता, चूक माझी. लिहून देते."

तिथंच बसून लिहिलं. खाली माझी सही आणि माझ्या सहीखाली सुभेदारांची, हुद्द्यासकट. अधिकाऱ्यांनी सांगितलं की तीच पट्टी बघून न आलेल्या आणखी काही मुली अर्ज घेऊन आल्या होत्या, पण हातात कुणाच्याच काही नव्हतं.

शेडवर परत आलो. मी लगेच नियम बदलायला बसले: गावाचं नाव किंवा आकडा बदलला तर बाकी सगळं जुळलं तरी नवी नोंद. दुपारी अडीचच्या सुमाराला मुलगी किंचाळली. सहाव्या टीव्हीवर, त्याच तांबड्या पट्टीत: सांगलीतील गैरहजर उमेदवारांची मैदानी चाचणी सोमवारी.

ती उठली नाही. तिनं आधी फोन उचलला, कार्यालयाला लावला आणि लागेपर्यंत लावत राहिली. "व्हय सायेब. सोमवारी. सकाळी सहा. माझं नाव हाय ना यादीत? परत एकदा वाचता का?" मग फोन ठेवून तिनं डोळे पुसले.

सुभेदारांनी वही तिच्यापुढं सरकवली. "लिही."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं: १४३२, टीव्ही ६, भरती, सांगली परत आली. पेन ठेवता ठेवता थांबली आणि त्याच ओळीत पुढं तीन शब्द घातले: फोन करून विचारलं.